सोडा, चिंच आणि सिंकची रेघ

"तुमचं वाचून ॲल्युमिनियमच्या पातेल्यात खायचा सोडा घालून पाणी उकळलं, तर होतं त्याहून काळं झालं. हिरव्या घासणीने गोल गोल घासलं, तर स्टीलचं सिंक मांजराने ओरबाडल्यासारखं दिसतंय. आधी स्वतः करून बघा, मग लिहा." – एक वाचक, परळ

ताई, सोड्याचा दोष माझा. सिंकचा चिकटपणा काढायला सोडा सांगितला आणि लगेच पुढच्याच ओळीत पातेल्यावर आलो. कुणीही तसंच वाचलं असतं. सोडा अल्कधर्मी. तो ॲल्युमिनियमला चावतो आणि वर काळपट थर चढवतो. हा थर जातो आंबटाने.

पातेल्यात काळ्या रेघेच्या वर येईल इतकं पाणी घ्या, नाहीतर मध्येच कडं उमटतं. तीन लिटर पाण्याला लिंबाएवढी चिंच कोळून घाला आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळू द्या. पाणी फेकून द्या. डाग उरले तर नवी चिंच घालून पुन्हा करा, पण आंबट पाणी रात्रभर ठेवू नका. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकायची आपल्याकडची रीत याचसाठीच. बाहेरचं करपलेलं तेल मात्र चिंचेला दाद देत नाही, ते घासूनच काढावं लागतं. पातेल्याच्या मूळच्या रेघा बहुधा गोल असतात, तेव्हा साबण लावून त्याच गोलाईने घासा. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्याचा काळा रंग मुळातला असतो. तो काढायला जाऊ नका.

तुमचा हात पातेल्याला बरोबर होता, सिंकला चुकला. ब्रश फिनिशच्या स्टीलवर कारखान्यातच एका दिशेच्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्यांच्या आडवे ओरखडे गेले की प्रकाश भलतीकडे पडतो आणि तिथे पांढुरका डाग दिसतो. त्यामुळे उपाय त्याच हिरव्या घासणीत आहे.

दिवा बंद करून मोबाइलची टॉर्च सिंकच्या तळाशी आडवी धरा, रेघांची दिशा लगेच कळेल. घासणीवर भांड्यांचा साबण आणि पाणी घ्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हात मध्ये न थांबवता सरळ ओढा. जिथे थांबाल तिथे नवा डाग. खराब झालेल्या जागेपुरतंच घासलं तर तो तुकडा वेगळाच चमकतो, म्हणून तळ पूर्ण करा, मग एकेक भिंत. माझ्या दादरच्या सिंकच्या तळाला वीस मिनिटं लागली आणि दोनदा धुऊन बघावं लागलं, कारण साबणाच्या ओलीत सगळंच छान दिसतं. कोरडं झाल्यावर टॉर्चखाली पाहा.

तारेची घासणी इथे वापरू नका. तिचे लोखंडी कण अडकून गंजतात आणि गंज सिंकचाच वाटतो. टॉयलेट क्लीनर तर अजिबात नको, त्यातल्या आम्लाने स्टीलला खड्डे पडतात. नखाला लागतो इतका खोल ओरखडा घासणीने जाणार नाही. त्यासाठी वॉटर पेपर लागतो, आणि तो मी अजून स्वतःच्या सिंकवर करून पाहिलेला नाही.