आकडा पुढे, मावशी मागे

"घरच्या व्यायामाचा व्हिडिओ बनवा फक्त एका तासात! एकच चांगली रेप कापून बारा वेळा लूप करा, आकडा दर तीन सेकंदांनी आपोआप बदलू द्या. मध्ये शास्त्रसिद्ध २०-१० चा टायमर टाका. सूचना खालच्या पट्टीत लिहा: पाठ सरळ, गुडघे बोटांपुढे नकोत, श्वास रोखू नका. मागे जोरदार गाणं. झालं काम!"

हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला आणि मी तो पाळूनही पाहिला. गिरगावात मावशीची चाळीतली दहा बाय बाराची खोली आहे. ती आणि तिच्या भिशीतल्या चार बायका, सगळ्या साठीच्या आसपासच्या. त्यांच्यासाठी पाच व्यायामांचा व्हिडिओ बनवला, तो अगदी या पद्धतीने. मोबाइल पोळ्यांच्या डब्याला टेकवून मावशी सहा फुटांवर उभी राहिली आणि आठव्या स्क्वॅटनंतर म्हणाली, "अरे, हा आकडा माझ्यापुढे पळतोय. मी बसतेय आणि हा पुढचं मोजतोय."

सुरुवात इथूनच करू, कारण बाकीच्या चुका दुरुस्त करायला सोप्या आहेत, ही नाही.

रेप म्हणजे व्यायामाची एक पूर्ण आवृत्ती, खाली जाऊन परत वर येईपर्यंत. लूप केलेल्या क्लिपमध्ये पहिली आणि बारावी रेप सारख्याच वेळेची असते. माणसाचं तसं नसतं. मी मावशीलाच खुर्चीपुढे उभं करून बारा स्क्वॅट शूट केले आणि ती प्रत्येक वेळी पूर्ण उभी राहिली तो क्षण लिहून काढला. पहिली रेप ०.८ सेकंदाला सुरू झाली आणि ३.६ ला संपली, म्हणजे २.८ सेकंद. पाचवी संपली १५.३ ला, आठवी २४.९ ला, दहावी ३१.९ ला, अकरावी ३५.७ ला आणि बारावी ३९.८ ला. शेवटच्या एका रेपला ४.१ सेकंद लागले. आता त्याच ०.८ पासून दर तीन सेकंदांनी बदलणारा आकडा शेजारी ठेवा. पाचव्याला तो अर्धा सेकंद मागे आहे, आठव्याला जवळपास बरोबर आणि तिथून पुढे निघतो. १२ हा आकडा ३६.८ ला येतो. त्या वेळी मावशीच्या अकराच झालेल्या असतात आणि ती बाराव्यासाठी खाली जात असते. मग ती दोनपैकी एक करते: अर्ध्यातून उठते, नाहीतर गडबडीने आपटून खुर्चीवर बसते. साठीच्या गुडघ्यांना दुसरं महागात पडतं.

म्हणून आकडा घड्याळावर बसवायचा नसतो, हालचालीवर बसवायचा असतो. नियम एकच ठेवा: गुडघे सरळ झाले, माणूस पूर्ण उभा राहिला की आकडा बदलेल. रेपच्या सुरुवातीला आकडा बदलला की १२ दिसताच बघणारा थांबतो आणि त्याच्या अकराच होतात. आणि क्लिप पूर्ण बारा रेप्सची घ्या, शेवटी मंदावणाऱ्या माणसासकट. ते मंदावणं लपवण्यासारखं नाही, बघणाऱ्याला तोच वेग लागतो. लूपमध्ये आणखी एक खोट असते. पहिली आणि शेवटची फ्रेम तंतोतंत जुळली नाही तर क्लिपच्या प्रत्येक जोडाला हात किंवा ओढणी टुणकन उडते. एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं.

याआधी मात्र एक काम. मोबाइल बऱ्याचदा दर सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला की संख्या घटते. चाळीतल्या खोलीत उजेड कमीच असतो. अशा क्लिपवर फ्रेम मोजून बसवलेला आकडा पुढे जाऊन सरकतो. आधी ffmpeg या मोफत प्रोग्रॅमने क्लिपची फ्रेमसंख्या स्थिर करून घ्या:

```
ffmpeg -i squat.mp4 -vf fps=30 -c:a copy squat30.mp4
```

मग Aegisub हे सबटायटल लिहायचं मोफत सॉफ्टवेअर उघडा, क्लिप चालवा, प्रत्येक उभं राहण्याच्या क्षणाला थांबा आणि तिथे आकडा टाका. Rep नावाची एक स्टाइल आधी बनवून ठेवा. फाइल squat.ass नावाने सेव्ह करा, तिच्यात ओळी अशा दिसतील:

```
Dialogue: 0,0:00:03.60,0:00:06.50,Rep,,0,0,0,,१
Dialogue: 0,0:00:06.50,0:00:09.30,Rep,,0,0,0,,२
```

आणि तो आकडा व्हिडिओत पक्का बसवायला:

```
ffmpeg -i squat30.mp4 -vf ass=squat.ass -c:a copy squat_final.mp4
```

बारा ओळी लिहायला दहा मिनिटं लागतात. स्टाइलमध्ये Noto Sans Devanagari सारखा फाँट निवडा. काही एडिटिंग अ‍ॅप देवनागरीची मोडतोड करतात. चाचणीला "विश्रांती" हा शब्द टाका: पहिली वेलांटी व च्या उजवीकडे गेली किंवा श्रां फुटला, तर त्या अ‍ॅपमध्ये मजकूर लिहू नका. आकड्याचा आकारही सहा फुटांवरून बघून ठरवा, एडिटिंग करताना नाकासमोर धरलेल्या मोबाइलवर नव्हे. मला तो पडद्याच्या उंचीच्या जवळपास एक पंचमांश करावा लागला. आणि रेपचा आकडा चढता ठेवा, विश्रांतीचा उतरता. दोन्ही एकाच दिशेने पळाले की मावशीला काय मोजलं जातंय तेच कळत नाही.

आता २०-१० चं शास्त्र. ते कुठून आलं ते माहीत असायला हवं. १९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्या, पार दमछाक होईपर्यंत. पण ते सगळं एका जागी उभ्या व्यायामाच्या सायकलवर होतं आणि करणारी माणसं तरुण, सराव असलेली. सायकलवर विश्रांती म्हणजे पाय थांबवणं, बाकी काही बदलत नाही. मावशीला स्क्वॅटनंतर ब्रिज करायचा होता, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलायची. मी घड्याळ लावलं. खुर्ची सरकवणं, चटई पसरणं, हात टेकवत बसणं आणि आडवं होणं, या सगळ्याला १४ सेकंद लागले. दहा सेकंदांच्या विश्रांतीत ती अजून चटईवर बसलेलीही नव्हती आणि पडद्यावर पहिली रेप सुरू झाली होती. विश्रांती तर दूरच, ती उणे चार सेकंदांत होती.

मग मी विश्रांतीचे दोन भाग केले. पहिले २५ सेकंद नुसता श्वास, पडद्यावर फक्त उतरता आकडा. पुढचे २० सेकंद पुढच्या व्यायामाची तयारी: आडवं होतानाची क्लिप, सुरुवातीची स्थिती आणि एक वाक्य. शेवटच्या तीन सेकंदांना तीन बीप. उभ्यानेच करायचे दोन व्यायाम लागोपाठ असतील, म्हणजे स्क्वॅटनंतर भिंतीवरचे पुशअप, तर ४५ ऐवजी ३० पुरतात, कारण मध्ये जमिनीवर जायचं नसतं. म्हणजे विश्रांती एकच आकडा नसते, कोणत्या व्यायामातून कोणत्या व्यायामात जायचंय त्यावर ती ठरते. एक मर्यादा मात्र कोणत्याही टायमरला ओलांडता येत नाही: व्हिडिओ बघणाऱ्याला बघत नाही. एखादीच्या नऊच झाल्या तर तिने तिथेच थांबायचं, आणि हे व्हिडिओत पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलून सांगायचं.

खालच्या पट्टीचं म्हणाल, तर ब्रिजमध्ये माणूस छताकडे बघत असतो. पुशअपमध्ये जमिनीकडे. पट्टी वाचायला मावशीने ब्रिजमध्येच मान उचलली आणि कंबर खाली आली. पट्टीने तिचा फॉर्म बिघडवला! सूचना कानात पोचली पाहिजे, आणि एका व्यायामाला एकच. ती तयारीच्या वेळात एकदा आणि सेट चालू असताना दोनदा, खाली जायला सुरुवात होण्याच्या जरा आधी. तळाशी पोचल्यावर सांगितलं तर उपयोग नाही, ऐकून शरीराने ते करेपर्यंत ती उभी झालेली असते.

पट्टीतल्या तिन्ही वाक्यांचीही गंमत आहे. "पाठ सरळ" ऐकून मावशी पाठ उभी ठेवायला गेली आणि मागे कलंडली. सरळ पाठ आणि उभी पाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "खुर्चीवर बसायला जातेस तशी कंबर मागे ने" म्हटल्यावर सगळं आपोआप जागेवर आलं. "श्वास रोखू नका" ऐवजी "उठताना सोड". कधी, ते त्यात आहे.

आणि गुडघे बोटांपुढे नकोत, हा नियम सगळ्यांना सरसकट लागू करणं बरोबर नाही. २००३ साली अँड्र्यू फ्राय आणि सहकाऱ्यांनी वजन उचलण्याचा सराव असलेल्या सात पुरुषांना खांद्यावर बार घेऊन स्क्वॅट करायला लावले, एकदा मोकळे आणि एकदा गुडघे पुढे जाऊ नयेत म्हणून समोर फळी लावून. फळी लावल्यावर गुडघ्यावरचा मरोड, म्हणजे सांधा वळवणारा जोर, सुमारे २२ टक्के कमी झाला, पण खुब्यावरचा दहापटीने वाढला. धड पुढे झुकलं की भार कुठेतरी जाणारच, तो कंबरेच्या बाजूला गेला. मावशीच्या खांद्यावर बार नाही, त्यामुळे हे आकडे तिच्यावर चिकटवायचे नाहीत. पण मनाईची किंमत कुठे मोजावी लागते ते कळतं. आखाड्यातली बैठक आठवा, टाचा उचलल्या जातात आणि गुडघे चांगले पुढे येतात. ज्याचा गुडघा दुखतो त्याने कमी खाली जावं, खुर्ची उंच घ्यावी. बाकीच्यांना "टाच जमिनीवर दाबून उठ" एवढं पुरतं, त्यात गुडघा किती पुढे जायचा ते आपोआप ठरतं.

गाण्याबद्दल दोनच वाक्यं. चालू चित्रपटातलं गाणं टाकलं तर अपलोड केल्यावर आवाज बंद होण्याची शक्यता असते, आणि भिशीतल्या बायका सकाळी सहाला, खालच्या मजल्याला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात व्हिडिओ लावतात. तेवढ्या आवाजात बीप आणि सूचनाच ऐकू आल्या पाहिजेत, म्हणून मी संगीत पार काढून टाकलं.

उरला मेसेजमधला तो एक तास. पाच व्यायामांना मला दोन संध्याकाळी गेल्या. त्यातली जवळपास एक संध्याकाळ नुसती थांबा-मागे-लिहा करण्यात गेली, बावन्न क्षण शोधण्यात. दुसऱ्या व्हिडिओत मावशीचे बारा स्क्वॅट आणि पडद्यावरचे बारा एकत्र संपले. तिने चटई गुंडाळताना एवढंच विचारलं, "पण त्यात मी एवढी जाड का दिसते रे?"