‘एकदा Approve दाबा’ म्हणणारा मेसेज पुढे पाठवू नका

“फोनवर सारखी Approve ची विनंती येत असेल तर घाबरू नका, सर्व्हर अडकलेला असतो. एकदा Approve दाबा, थांबेल. दुहेरी पडताळणी चालू आहे, त्यामुळे पासवर्ड बदलायची गरज नाही.”

काल रात्री हा मजकूर माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. तिच्या ऑफिसच्या खात्यात पासवर्डनंतर फोनवर Approve दाबावं लागतं, हीच ती दुहेरी पडताळणी. तशा अर्ध्या तासात अकरा विनंत्या आल्या होत्या. “दाबू का रे?” असं तिने आधी विचारलं, म्हणून वाचली.

दाबल्यावर थांबते, हे खरं आहे. चोर आत शिरला की त्याला पुन्हा विचारावं लागत नाही, म्हणून थांबते! सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत हेच घडलं. त्यांच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या उपकरणात मालवेअर शिरून पासवर्ड बाहेर गेला होता आणि हल्लेखोराने तो बहुधा विकत घेतला, असं खुद्द उबरने सांगितलं. हल्लेखोर लॉगिन करत राहिला, दर वेळी त्या माणसाच्या फोनवर विनंती येत राहिली. सुरुवातीला त्याने दाद दिली नाही. शेवटी एक मंजूर केली. तिथून हल्लेखोर इतर कर्मचाऱ्यांच्या खात्यांत आणि कर्मचारी आपसात बोलतात त्या कंपनीच्या स्लॅक ॲपपर्यंत पोहोचला. दाबलेलं एक बटण, एवढंच त्याला हवं होतं.

सर्व्हर आपणहून विनंत्या पाठवत बसत नाही. कुठून तरी लॉगिनचा प्रयत्न झाला की ती येते. कधीकधी तो प्रयत्न आपल्याच जुन्या टॅबलेटवरच्या मेल ॲपचा असतो, हे मान्य. काही खाती पासवर्डशिवायही उघडतात, तिथे नुसता ईमेल पत्ता टाकला तरी विनंती येते. पण जिथे आधी पासवर्ड विचारला जातो, तिथे विनंती आली याचा अर्थ बहुधा समोरच्याने तो बरोबर टाकला. म्हणजे दोन कुलपांपैकी एक उघडलेलं आहे. आणि म्हणे पासवर्ड बदलायची गरज नाही!

मावशीला Deny दाबायला सांगितलं. मग कुठल्याही लिंकवरून नव्हे, स्वतः पत्ता टाईप करून खातं उघडलं. अलीकडच्या लॉगिनच्या यादीत तिने कधी पाय न ठेवलेलं शहर दिसत होतं. पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलला, कारण तिच्या संगणकातच मालवेअर असेल तर नवा पासवर्डही त्याच वाटेने गेला असता. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं, पडताळणीच्या यादीत अनोळखी फोन जोडलेला नाही ना ते पाहिलं, आणि ऑफिसच्या आयटीला रात्रीच कळवलं.

मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या ऑथेंटिकेटर या पडताळणीच्या ॲपवरच्या अशा विनंत्यांत लॉगिनच्या पडद्यावरचा आकडा फोनवर टाकणं सक्तीचं केलं. तो आकडा कुणी फोन करून “आयटीमधून बोलतोय, हा टाका” असं सांगत असेल, तर टाकू नका, फोन ठेवून द्या.