‘सेपियन’ नावाचा कोणी नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “लेखात तुम्ही ‘होमो सेपियन्स हा’ असं एकवचनी लिहिलंय. सेपियन्स हे अनेकवचन आहे, एकाला सेपियन म्हणतात. शिवाय घरमाशी ‘डोमेस्टिका’ आणि चिमणी ‘डोमेस्टिकस’, एकच शब्द दोन तऱ्हांनी? लिहिण्याआधी नीट तपासत जा. आणि ही शास्त्रीय नावं पुन्हा पुन्हा बदलणारच असतील, तर त्यांचे अर्थ शोधण्यात काय हशील?”

आधी त्या ‘स’बद्दल. तो इंग्रजीतला अनेकवचनाचा ‘स’ नाही, शब्दाचा स्वतःचा आहे. लॅटिनमध्ये ‘सापेरे’ असं एक क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ चव असणं किंवा चव कळणं, आणि त्यावरून पुढे समज असणं, शहाणं असणं. (आपल्याकडे रसावरून रसिक झाला, तिकडे चवीवरून शहाणा झाला, एवढाच फरक.) या क्रियापदापासून झालेलं विशेषण म्हणजे ‘सेपियन्स’. मराठीत ‘जाणणे’वरून ‘जाणता’ होतो, तसाच हा शब्द घडलेला आहे. ‘होमो’ म्हणजे माणूस. म्हणून ‘होमो सेपियन्स’ म्हणजे जाणता माणूस, एकवचनी. लॅटिनमध्ये याचं अनेकवचन करायचंच तर ‘होमिनेस सापिएन्तेस’ होईल, पण जातीच्या नावाचं अनेकवचन करायची वेळ येत नाही, कारण ते नाव सबंध जातीचं असतं. ‘सेपियन’ हा शब्द इंग्रजी कानांनी शेवटचा ‘स’ उडवून तयार केलेला आहे, लॅटिनमध्ये तो नाही. इंग्रजीत तो हल्ली सर्रास दिसतो, त्यामुळे तुमचा गैरसमज अगदी समजण्यासारखा आहे. जाता जाता, ‘होमोजिनियस’मधला ‘होमो’ ग्रीक आहे, त्याचा अर्थ ‘सारखा’, आणि त्याचा या माणसाशी संबंध नाही.

आता डोमेस्टिका आणि डोमेस्टिकस. दोन्ही बरोबर आहेत, आणि कारण मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा लवकर कळायला हवं. आपण काळा घोडा म्हणतो, काळी गाय म्हणतो, काळं मांजर म्हणतो. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. लॅटिनमध्येही तसंच आहे: ‘घराचा, घरातला’ या अर्थाचं विशेषण पुल्लिंगी नामासोबत ‘डोमेस्टिकस’, स्त्रीलिंगी नामासोबत ‘डोमेस्टिका’ आणि नपुंसकलिंगी नामासोबत ‘डोमेस्टिकम’ होतं. दोन शब्दांच्या नावात पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा असतो आणि व्याकरणाने तो नाम असतो. दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याला पहिल्याच्या लिंगाप्रमाणे वागावं लागतं. ‘मुस्का’ म्हणजे माशी, स्त्रीलिंगी, म्हणून मुस्का डोमेस्टिका. ‘पासेर’ म्हणजे चिमणी, पण लॅटिनमध्ये तो शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून पासेर डोमेस्टिकस.

चिमणीची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच आहे. १७५८ साली लिनेयस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने तिला नाव दिलं तेव्हा तिला ‘फ्रिंजिला’ या प्रजातीत घातलं होतं. फ्रिंजिला स्त्रीलिंगी, त्यामुळे चिमणी तेव्हा फ्रिंजिला डोमेस्टिका होती. पुढे तिला ‘पासेर’ या वेगळ्या प्रजातीत हलवलं. पहिला शब्द बदलला, त्याचं लिंग बदललं, आणि विशेषण नवीन नामाशी जुळवून घ्यायला डोमेस्टिकाचं डोमेस्टिकस झालं. आपण गायीला लावलेलं ‘काळी’ घोड्याला लावताना ‘काळा’ करतो, तेवढाच हा बदल.

म्हणजे नाव बदललं खरं, पण ‘घरातली’ ही ओळख गेली नाही. प्राण्यांच्या नावात पहिला शब्द नातं सांगतो, आणि नात्याबद्दलचं आपलं ज्ञान सुधारलं की तो बदलतो. दुसरा शब्द सहसा पहिल्यापासून तोच राहतो, फार तर शेवट बदलतो. जुन्या पुस्तकातला प्राणी नवीन यादीत सापडत नसेल तर दुसऱ्या शब्दाचं मूळ धरून शोधावं, बहुतेकदा सापडतो.

हा बदल झाला की नाही हे नावावरूनच कळतं, आणि इथे मात्र चूक माझी आहे, तुमच्या नजरेतून सुटलेली. मी लेखात चिमणीच्या नावापुढे ‘लिनेयस, १७५८’ असं लिहिलं होतं. ते कंसात हवं होतं. प्राण्यांच्या नावापुढे नाव देणारा आणि वर्ष कंसात असेल, तर त्याने ती जात मुळात दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती असा अर्थ होतो. कंस नसेल तर ती आजही त्याच्याच प्रजातीत आहे. म्हणून घरमाशीला कंस नाही, चिमणीला आहे. मी कंस गाळला म्हणजे लिनेयसने पासेर डोमेस्टिकस असंच नाव दिलं होतं असं खोटंच सांगितलं. लेखात दुरुस्ती केली आहे. (वनस्पतींच्या नावांत कंसानंतर जात हलवणाऱ्याचंही नाव देतात, तो वेगळा नियम.)

तुम्ही आता शेवट बघून लिंग ओळखायला लागाल, तेव्हा एक सावधगिरी. ते दर वेळी जमत नाही. घरातल्या रातकिड्याचं नाव अखेटा डोमेस्टिकस आहे. ‘अखेटा’ला शेवटी ‘आ’ असूनही तो शब्द पुल्लिंगी आहे, आणि नेमक्या याच कारणाने अखेटा डोमेस्टिका असं चुकीचं नाव जागोजागी छापलेलं दिसतं. ओक वृक्षाचं ‘क्वेर्कस’ याच्या उलट: शेवट पुल्लिंगी वाटतो, पण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून पांढरा ओक क्वेर्कस आल्बा, आल्बस नव्हे. शंका आली तर कोशात त्या नामाचं लिंग बघणं, दुसरा उपाय नाही. शिवाय दुसरा शब्द विशेषणच असेल असंही नाही. पँथेरा लिओमधला ‘लिओ’ म्हणजे सिंह, सरळ नाम. नाम असलं की ते कोणापुढे वाकत नाही, प्रजाती बदलली तरी जसंच्या तसं राहतं.

सेपियन्सचा शेवट का बदलत नाही, असं आता तुम्ही विचाराल म्हणून सांगून टाकतो. मराठीत ‘काळा’ बदलतो, ‘हुशार’ बदलत नाही: हुशार मुलगा, हुशार मुलगी, हुशार मूल. ‘सेपियन्स’ हा ‘हुशार’च्या जातीचा आहे, तिन्ही लिंगांत तसाच. ‘इरेक्टस’, म्हणजे ताठ उभा राहणारा, हा मात्र ‘काळा’च्या जातीचा. जावा बेटावर सापडलेल्या अवशेषांना द्युबुआ या डच शास्त्रज्ञाने पिथेकँथ्रोपस इरेक्टस म्हटलं होतं, नंतर ती जात ‘होमो’त आली. दोन्ही प्रजाती पुल्लिंगी, त्यामुळे इरेक्टसला शेवट बदलावा लागला नाही. द्युबुआचं नाव तेवढं कंसात गेलं.