काडतुसांना गुण नाहीत

1857 वर प्रश्न काढायला बसलं की पहिली मारामारी एका नामावर होते. 'बंड' लिहिलं तर साहेबाची री ओढली, 'स्वातंत्र्यसमर' लिहिलं तर उत्तर प्रश्नातच वाढून ठेवलं. म्हणून आम्ही 'उठाव' लिहून हात झटकतो, आणि इंग्रजी माध्यमाच्या प्रतीत भाषांतरकार त्याचं निवांतपणे 'म्युटिनी' करून टाकतो.

मग येतो तो अजरामर प्रश्न : '1857 च्या उठावाचे राष्ट्रवादी व मार्क्सवादी दृष्टिकोनांतून परीक्षण करा. (10 गुण)'. परीक्षार्थी यातलं फक्त '1857' वाचतो. चरबीची काडतुसं, मंगल पांडे, मेरठ, दिल्ली, झाशी अशी चार पानं घोडदौड होते आणि शेवटच्या दोन ओळींत दृष्टिकोन उरकले जातात : एकाला स्वातंत्र्ययुद्ध, दुसऱ्याला वर्गसंघर्ष. त्याला तरी काय बोलणार? परीक्षण करायला आपण त्याच्या हातात काही दिलेलंच नसतं.

शिवाय नमुना उत्तरात हेच दोन डबे छापले की आपणच तोंडघशी पडतो. सावरकरांनी 1909 मध्ये स्वातंत्र्यसमर म्हटलं. पण राष्ट्रवाद्यांतच मोजले जाणारे रमेशचंद्र मजुमदार 1957 मध्ये म्हणाले, हे पहिलंही नाही, राष्ट्रीयही नाही आणि स्वातंत्र्ययुद्धही नाही. पलीकडच्या डब्यातही तीच गत. मानवेंद्रनाथ रॉय यांना 1922 मध्ये यात सरंजामशाहीची अखेरची धडपड दिसली, तर पी. सी. जोशी यांनी 1957 मध्ये संपादित केलेल्या संग्रहात तल्मीझ खालदून यांना शेतकऱ्यांचं युद्ध दिसलं. आता 'मार्क्सवादी मत' म्हणून गुण कुणाला द्यायचे?

यावर उतारा एकच : मतं मागायची नाहीत, पुरावा द्यायचा. अवधचा घ्या. तिथल्या बड्या जमीनदारांकडे, म्हणजे तालुकदारांकडे, 67 टक्के गावं होती, 1856 च्या जमीनबंदोबस्तानंतर 38 टक्के उरली. तरीही उठावात कित्येक गावांतले शेतकरी त्याच तालुकदारांच्या मागे उभे राहिले. एवढं चार ओळींत छापायचं आणि विचारायचं : 'या माहितीचा अर्थ दोन्ही परंपरांतील प्रत्येकी एक इतिहासकार कसा लावेल? ही माहिती कोणाला अडचणीची ठरते?' आता काडतुसं आपोआप बाहेर. राष्ट्रवादी वाचनाला यात परक्याविरुद्धची एकजूट सापडते, पण गमावलेली गावं परत मिळवण्याचा तालुकदारांचा स्वार्थ झाकावा लागतो. रॉय यांना तोच स्वार्थ हवा असतो, पण शेतकरी स्वतःहून मागे का गेला हे सांगताना त्यांची दमछाक होते. खालदून यांना शेतकरी मिळतो, पण त्याच्या पुढे जमीनदार चालतोय त्याचं काय?

गुण असे : प्रत्येक अर्थाला तीन, अडचण नेमकी दाखवली तर चार. तिथे 'योग्य मुद्द्यांना गुण द्यावेत' असं मोघम लिहिलं की एकाच उत्तराला एक परीक्षक आठ देतो, दुसरा तीन.

एवढं करून पाकीट पाठवावं, तर नियामकांचा शेरा येतो : 'प्रश्न चांगला आहे. काडतुसांना किमान एक गुण ठेवावा.'