6 + 4 = 4 वरून लेकरांच्या डोक्याचा निकाल लावू नका

“6 + 4 = 4. फक्त एक काडी हलवा किंवा काढा आणि गणित बरोबर करा. उत्तर एकच आहे. ९९% लोक फेल. १० सेकंदांत जमलं तर आयक्यू १४० च्या वर. नाही जमलं तर समजा, लेकराचा मेंदू गणितासाठी बनलेलाच नाही. स्पर्धा परीक्षेला हमखास येतं. सगळ्या पालकांना पाठवा.”

लातूर-नांदेडकडच्या शिकवण्यांच्या पालक ग्रुपांवर काड्यांनी मांडलेल्या गणिताच्या चित्रासोबत हे फिरत फिरत शेवटी आमच्या घरच्या ग्रुपवरही आलं. पाचवीतल्या पुतणीला उद्देशून खाली “बघ बरं तुला जमतंय का” असंही कुणी लिहिलं. म्हणून हे लिहावं लागतंय, नाहीतर काड्यांच्या कोड्यावर कोण कशाला भांडेल?

आधी मेंदूचं घेऊ, कारण सगळ्यात घातक ओळ तीच आहे. काड्यांच्या समीकरणांवर मानसशास्त्रात खरंखुरं काम झालेलं आहे. १९९९ साली ग्युंथर क्नोब्लिख आणि सहकाऱ्यांनी रोमन अंकांची अशी कोडी प्रयोगासाठी वापरली. पुढे २००५ मध्ये इटलीतल्या कार्लो रेव्हर्बेरी आणि सहकाऱ्यांनी तीच पद्धत मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवर वापरली आणि निष्कर्ष ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. यातल्या सर्वांत अवघड प्रकाराचा नमुना असा: III = III + III. बहुतेक जण अंकांच्या काड्या इकडून तिकडे करत बसतात. उत्तर मात्र चिन्हात आहे. अधिकची उभी काडी उचलून आडवीला समांतर ठेवायची, म्हणजे + चं = होतं आणि III = III = III असं खरं विधान मिळतं. समीकरणात दोनदा ‘बरोबर’ येऊ शकतं हे डोक्यातच येत नाही, म्हणून हा प्रकार जड जातो.

या अवघड प्रकारात धडधाकट लोकांपैकी ४३% जणांना उत्तर सापडलं. कपाळामागच्या मेंदूच्या बाजूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांपैकी सापडलं ८२% जणांना. पुन्हा वाचा, आकडे उलटे छापलेले नाहीत. अभ्यासकांचं स्पष्टीकरण असं, की मेंदूचा तो भाग “असल्या प्रश्नात काय बदलायचं असतं” याची चौकट आखून देतो. रोजच्या कामात ही चौकट फार उपयोगाची आहे, पण या कोड्यात तीच आडवी येते. ज्यांची चौकट ढिली झाली त्यांना चिन्ह बदलण्याचं सुचलं. इजा झाली की हुशारी वाढते, असा याचा अर्थ अजिबात नाही. अर्थ एवढाच, की असलं कोडं न सुटण्यावरून मेंदूत काही कमी आहे असं म्हणता येत नाही. मग ते पाचवीतल्या लेकराला कुठल्या तोंडानं सांगायचं?

आयक्यूचा आकडा तर निव्वळ थाप. बुद्ध्यांक निरनिराळ्या प्रकारच्या अनेक प्रश्नांवर काढतात, तो त्याच वयाच्या मुलांशी ताडून बघतात आणि सरासरी १०० धरतात. एका चित्रावर १४० कुठून येणार? शिवाय हे कोडं आधी कुठं पाहिलं असेल तर १० सेकंदही लागत नाहीत. तिथं स्मरणशक्ती काम करते, बुद्धी नाही.

आता ‘उत्तर एकच’कडे येऊ, कारण पाठवणाऱ्यांना या कोड्याची ओळखच नाही हे इथं उघडं पडतं. चित्रातले अंक इंग्रजी आहेत, कॅल्क्युलेटरवर दिसतात तसे. पूर्ण 8 म्हणजे सात काड्या: छप्पर, मधली, तळ, आणि डावी-उजवीकडे वर-खाली मिळून चार. 6 ला सहा लागतात, त्यात फक्त वरची उजवी नसते. 4 ला चार. अधिकला दोन, बरोबरला दोन. चित्रात एकूण काड्या ६ + २ + ४ + २ + ४, म्हणजे १८. काडी हलवायची असेल तर शेवटीही १८ च भरल्या पाहिजेत. उत्तर तपासायला ही मोजणी पुरते.

अंदाजानं काड्या उचलण्यापेक्षा आधी बघायचं, कोण काडी देऊ शकतं. 6 नं खालची डावी दिली की 5 होतो. अधिकनं उभी दिली की वजा होतं. 4 मधली कुठलीही एक काढा, अंकच उरत नाही, म्हणून दोन्ही 4 देणाऱ्यांतून बाद. = मधली एक उचलली तर मागं वजा राहतं आणि समीकरणच मोडतं, म्हणून तेही बाद. मग बघायचं, कोण घेऊ शकतं. 6 ला वरची उजवी दिली की 8 होतो. 4 ला छप्पर दिलं की 9 दिसतो, पण यात एक मेख आहे, ती पुढं येते. तिसरी गोष्ट, कोण आपल्याआपल्यातच बदलतं. 6 ची मधली काडी वरच्या उजव्या जागी नेली की 0, आणि खालची डावी तिथं नेली की 9.

आता फक्त जोड्या लावून बघायच्या. अधिकनं दिली, 6 नं घेतली: 8 − 4 = 4. जमलं. 6 चा आपल्यातच 0 झाला: 0 + 4 = 4. हेही जमलं. 9 + 4 = 4 चुकीचं. अधिकचं आपल्यातच = केलं तर 6 = 4 = 4, तेही चुकीचं. राहिली ती मेखवाली जोडी: 6 नं दिली आणि उजवीकडच्या 4 नं छप्पर म्हणून घेतली, 5 + 4 = 9. हे बरोबर की चूक?

ते 9 ला शेपूट आहे की नाही यावर ठरतं. काही जण 9 पाच काड्यांचा करतात, तळाची काडी नसलेला. काही जण सहा काड्यांचा करतात, तळासकट. पाच काड्यांचा 9 चालत असेल तर मोजणी ५ + २ + ४ + २ + ५, बरोबर १८, आणि तिसरं उत्तर पक्कं. सहा काड्यांचा लागत असेल तर १९ वी काडी आणावी लागेल, म्हणजे उत्तर बाद. आणि गंमत बघा, फिरणाऱ्या चित्रात 9 कुठंच नाही. कोडं घालणाऱ्याच्या मनातला 9 कसा आहे हे सोडवणाऱ्याला कळणार कसं? 6 ला छप्पर आहे, तेव्हा 9 लाही तळ असावा असा तर्क करता येतो, पण तो तर्कच, नियम नाही. म्हणजे 9 सहा काड्यांचा धरला तर दोन उत्तरं, पाच काड्यांचा धरला तर तीन. = वर तिरपी काडी टाकून ‘बरोबर नाही’ करणारे हुशार मी मोजतही नाही. ती पळवाट चालू दिली तर जगातलं कुठलंही कोडं सुटतं.

ज्या लेकरानं 0 + 4 = 4 काढलं त्याला “चूक, उत्तर 8 − 4 = 4 आहे” असं सांगणारे मोठे लोक ग्रुपवर आहेत. गणितात कच्चं कोण, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

‘हलवा किंवा काढा’ ही तर सरळ गफलत आहे. हलवणं आणि काढून टाकणं ही दोन वेगळी कोडी आहेत. 6 + 4 = 4 मधून एक काडी कायमची काढून टाका बरं. 5 + 4 = 4 होईल, नाहीतर 6 − 4 = 4. दोन्ही चूक. काढून हे कोडं सुटतच नाही, आणि मेसेजमध्ये तशी परवानगी दिलीय. लेकरू अर्धा तास त्याच वाटेनं गेलं तर दोष कुणाचा?

फरक नीट दिसावा म्हणून हे घ्या: 8 + 3 = 9, सहा काड्यांचा 9 धरून, एकूण २२ काड्या. एक काढायची असेल तर 8 ची वरची उजवी काढा: 6 + 3 = 9, उरल्या २१. एक हलवायची असेल तर 8 ची मधली उचला आणि 3 च्या वरच्या डाव्या जागी ठेवा: 0 + 9 = 9, काड्या २२ च. चित्र तेच, पण हुकूम बदलला की उत्तर बदललं. एका हुकमाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. अडकायला होतं, हे खरं आहे. शाळेत आकडे बदलायची सवय लागते आणि चिन्हं दगडावरची रेघ वाटतात, म्हणून 8 − 4 = 4 उशिरा दिसतं. याहून चांगलं उदाहरण 3 − 7 = 4. अंकांना हातही न लावता = मधली एक काडी उचलून वजावर ठेवा: 3 = 7 − 4. वजाचं बरोबर झालं आणि बरोबरचं वजा. वर सांगितलं होतं की = नं काडी दिली तर समीकरण मोडतं. ते तिथं खरं होतं, कारण ती काडी घेऊन बरोबर होईल असं वजाचं चिन्ह 6 + 4 = 4 मध्ये नव्हतं. समीकरणात वजा दिसलं की ही वाट आधी तपासायची.

९९% चा आकडा कुठल्या पाहणीतून आला ते कुणी लिहीत नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर चार पर्यायांतून एकच बरोबर मागणाऱ्या पेपरात दोन-तीन उत्तरांचा प्रश्न घातला की त्यावर हरकती येणारच.

घरी मांडायचंच असेल तर गुलाच्या काड्या लेकरांच्या हाती देऊ नका. खराट्याच्या काड्या एकसारख्या तोडल्या तरी काम होतं. अधिक मांडताना आडवी खाली आणि उभी तिच्यावर ठेवा. उलटं ठेवलं तर वजा करायला उभी खालून ओढावी लागते, सगळंच हलतं, आणि घाईत वरची आडवी उचलली गेली तर उभी काडी 1 सारखी उरते आणि 614 = 4 असलं काहीतरी दिसतं. आणि मेसेज पुढं पाठवताना तीन गोष्टी लिहा: काडी हलवायची की काढायची, 9 किती काड्यांचा, आणि ‘बरोबर नाही’ हे चिन्ह चालेल की नाही. आयक्यूची ओळ तेवढी खोडा.