काढा आणि चूर्ण : माचाविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, माचा म्हणजे ग्रीन टीच. दोन्ही एकाच झाडाची पाने. गाळून प्यायले काय नि दळून प्यायले काय, फरक कितीसा पडणार? तुमच्या लेखामुळे लोक उगाच घाबरतात. – चिपळूणहून एक वाचक»

माचा म्हणजे ग्रीन टीच्या पानांची बारीक पूड, ती न गाळता पानासकट प्यायली जाते. त्यातल्या कॅफीन आणि शिशामुळे गरोदरपणात माचा जपून घ्यावा, असे मी लेखात लिहिले होते. झाड एकच आहे, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. अख्खे पान पोटात जाते म्हणून माचात कॅफीन जास्त, हे माझ्या लेखातले वाक्यही चुकीचे होते, ते मी दुरुस्त केले आहे. कॅफीन गरम पाण्यात सहज उतरते, त्यामुळे पान गाळून टाकले तरी त्याचा बराचसा भाग कपात येतोच. माचात ते जास्त असते याची मोठी कारणे वेगळी आहेत : तोडणीपूर्वी साधारण तीन आठवडे झाडावर सावली धरतात, कोवळी पाने घेतात, आणि आपण चमचा सढळ हाताने भरतो.

माझ्या भावजयीचे उदाहरण देते. ती मालवणला असते आणि तिला पाचवा महिना चालू आहे. ती रोज दोन ग्लास दुधातला माचा घेत असे. काट्यावर तोलले तेव्हा एका ग्लासात ४ ग्रॅम पूड निघाली. ग्रॅमला ३० मिलिग्रॅम कॅफीन धरले, तर दिवसाला २४० मिलिग्रॅम झाले, आणि सकाळचा घरचा चहा त्यात धरलेलाच नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने गरोदरपणासाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला २०० मिलिग्रॅम आहे. दोन-दोन ग्रॅम पानांचे दोन कप साधे ग्रीन टी घेतले असते, तर आकडा साठाच्या आसपास राहिला असता.

शिशाची गोष्ट मात्र उलटी आहे, आणि तुमच्याशी माझा खरा मतभेद इथेच आहे. शिसे पाण्यात फारसे उतरत नाही. त्याचा बहुतांश भाग पानातच राहतो आणि गाळणीतल्या चोथ्याबरोबर बाहेर जातो. आपल्याकडे काढा गाळून पितात आणि चूर्ण मात्र पोटात जाते, तसाच हा भेद आहे. पुडीत किलोला अर्धा मिलिग्रॅम शिसे असेल, तर ८ ग्रॅममधून ४ मायक्रोग्रॅम पोटात जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसाठी दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम हा संदर्भ आकडा दिला आहे, म्हणजे इथवर काळजीचे कारण नाही. परंतु भारतात चहाच्या पानासाठी शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. कायद्यात पूर्णपणे बसणाऱ्या पुडीतूनही त्याच ८ ग्रॅममध्ये ८० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे जाऊ शकते. त्यामुळे «तपासणीत उत्तीर्ण» एवढ्या शब्दांवर विसंबता येत नाही. पाण्यात न विरघळणाऱ्या काही कीटकनाशकांनाही हाच न्याय लागू होतो. सेंद्रिय शिक्का असला तरी शिशाचा प्रश्न सुटत नाही, कारण ते मातीतून आणि धुळीतूनही येते.

विक्रेत्याकडे त्या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्यात शिशाचा आकडा किलोला किती मिलिग्रॅम दिला आहे ते पाहा. भावजयीने तो मागितला, मिळाला नाही, म्हणून बाळंतपण होईपर्यंत तिने माचा बंद केला आहे. ग्रीन टीचा एक कप ती अजूनही घेते, गाळून.