सर्ज प्रोटेक्टर शाबूत, मग मोडेम कसा जळाला?

ग्राहकाचा अभिप्राय (१ तारा): "विजांच्या रात्री मोडेम जळाला, टीव्हीचा लॅन पोर्टही गेला. दोन्ही यांच्याकडूनच घेतलेल्या सर्ज प्रोटेक्टरवर होते. प्रोटेक्टर कुचकामी निघाला, पण हे म्हणतात की तो चांगला आहे. जबाबदारी झटकण्याचा प्रकार."

मालकाचे उत्तर:

नमस्कार. नुकसान मोठं आहे आणि तुमचा राग रास्त आहे. पण मोडेम आणि प्रोटेक्टर उघडून जे दिसलं, त्यावरून विजेचा लोट सॉकेटमधून आलेला नाही, टेलिफोनच्या तारेतून आला.

तो सॉकेटमधून आला असता तर सगळ्यात आधी मोडेमचा अ‍ॅडॅप्टर गेला असता. तुमचा अ‍ॅडॅप्टर आजही लोड लावून सरळ १२ व्होल्ट देतो. टीव्हीचा पॉवर सप्लाय ठीक आहे, प्रोटेक्टरमध्ये जादा व्होल्टेज शोषून घेणाऱ्या व्हॅरिस्टरवर साधा डागही नाही. मोडेममध्ये मात्र फोनची पिन जिथे लागते, तिथला बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उडाला आहे आणि शेजारचा लाइन ट्रान्सफॉर्मर आतून तुटला आहे.

पुढचा माग लॅन पोर्टांवर लागला. टीव्हीची केबल ज्या पोर्टात होती, फक्त त्याच्याच मागचे ७५ ओहमचे बारीक रेझिस्टर काळे पडले आहेत. बाकीचे तीन पोर्ट स्वच्छ आहेत. म्हणजे लोट मोडेममध्ये थांबला नाही, त्या एका केबलने टीव्हीकडे गेला. लॅन पोर्टातला ट्रान्सफॉर्मर केबल आणि बोर्ड या दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतो, पण त्याचं इन्सुलेशन साधारण १५०० व्होल्टच्या चाचणीला उतरेल इतकंच असतं. विजेचा लोट त्याहून कितीतरी मोठा असू शकतो.

तो टीव्हीकडेच का वळला? टीव्हीला डिशची केबल आहे आणि तिची बाहेरची जाळी गच्चीवर लोखंडी खांबाला टेकलेली आहे, असं तुम्हीच सांगितलं होतं. जमिनीकडे जायला त्याला तीच वाट मिळाली असावी. टीव्हीच्या आतला हा शेवटचा टप्पा माझा तर्क आहे. वीज थेट तारेवर पडली की जवळपास पडून तारेत दाब चढला, हे मात्र बोर्ड पाहून ठरवता येत नाही.

तुमचा प्रोटेक्टर फक्त सॉकेटची वाट राखतो. फोनची तार त्याला वळसा घालून थेट मोडेमात जाते, त्यामुळे तो कितीही चांगला असला तरी इथे काही करू शकत नव्हता. फोनची तार, डिशची केबल आणि वीज सर्ज प्रोटेक्टरच्या एकाच पेटीतून जाऊन एकाच अर्थिंगला जोडलेली असतील, तर या तिन्ही वाटांना संरक्षण मिळतं. तेही अर्थिंग खरोखर चांगलं असेल तरच. गडगडाट सुरू होण्याआधी फोनची पिन आणि डिशची केबल काढून ठेवणं याहून खात्रीचं.

टीव्हीचा मेनबोर्ड बदलायची घाई करू नका. चित्र, आवाज, एचडीएमआय आणि वायफाय आम्ही तपासले, चारही चालतात. नवा मोडेम आला की टीव्ही वायफायवर जोडा, म्हणजे या दोघांमध्ये तारही राहणार नाही. जुना मोडेम आणि प्रोटेक्टर दुकानात उघडेच ठेवले आहेत. येऊन स्वतः पाहा, हवं तर दुसरा तंत्रज्ञही सोबत आणा.